ताप उतरला, पण अंगात त्राण नाही: विषाणूजन्य तापानंतरचा थकवा आणि डोक्यातला जडपणा कसा उतरवायचा

पावसाळा सरता सरता सांगली-साताऱ्याकडे डेंग्यू, चिकुनगुनिया आणि साध्या फ्लूचे रुग्ण वाढतात. बहुतेकांचा ताप आठवड्याभरात जातो, प्लेटलेट वर येतात, डॉक्टर सांगतात, ‘आता सगळं नॉर्मल आहे.’ काहींची खरी अडचण मात्र तिथून सुरू होते. जिना चढला की पाय लटपटतात, दुपारी डोळे मिटतात, झोपून उठलं तरी झोप झाल्यासारखं वाटत नाही. बोलताना नेमका शब्द सापडत नाही, गॅसवर दूध ठेवल्याचं विसरायला होतं, चार आकड्यांची बेरीज तीनदा करावी लागते. रिपोर्ट स्वच्छ असल्यामुळे घरच्यांना वाटतं, आता हा आळसच. आजारी माणसालाही हळूहळू तसंच वाटायला लागतं.

हा आळस नव्हे. ऑस्ट्रेलियातल्या डब्बो या गावात तीन वेगवेगळ्या संसर्गांतून उठलेल्या २५३ लोकांचा वर्षभर मागोवा घेण्यात आला आणि २००६ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या तीनांतला एक विषाणू आपल्या चिकुनगुनियाच्याच कुळातला होता. सहा महिन्यांनंतरही साधारण शंभरातल्या बाराजणांना कामात आडवा येणारा थकवा होता. तो कुणाला राहील हे वयावरून किंवा आधीच्या मानसिक अवस्थेवरून ओळखता आलं नाही, सुरुवातीचा आजार किती जोराचा होता यावरून मात्र बरंचसं ओळखता आलं. याचा दुसरा अर्थ असा की बहुतेक लोक सहा महिन्यांच्या आतच यातून बाहेर पडतात. हा काळ कमी त्रासात कसा काढायचा आणि आपल्याच हातून तो लांबणार कसा नाही, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

शरीरात काय चाललेलं असतं

ताप आला की रोगप्रतिकारक पेशी जे रासायनिक निरोप सोडतात ते मेंदूपर्यंत पोचतात. मेंदू त्यावर हुकूम काढतो: पडून राहा, खाऊ नका, लोकांपासून दूर राहा. तापात अंग मोडून येतं, उजेड आणि आवाज नकोसा होतो तो यामुळेच. विषाणू गेला तरी ही यंत्रणा काहींच्या बाबतीत सावकाश शांत होते. त्यातच दहा-बारा दिवस अंथरुणात गेल्याने मांड्या आणि पोटऱ्यांचे स्नायू उतरलेले असतात, रक्तातला पाण्याचा भाग कमी झालेला असतो आणि उभं राहिल्यावर रक्तदाब व नाडी सांभाळणाऱ्या स्वायत्त मज्जासंस्थेचा ताल बिघडलेला असतो. उभं राहिल्यावर मेंदूला रक्त थोडं कमी पडलं की डोकं जड होतं, धुक्यात असल्यासारखं वाटतं. एकाग्रता जाते ती बऱ्याचदा इथे. स्मरणशक्ती कुठे नष्ट झालेली नसते, ती वापरायला लागणारा पुरवठा अपुरा असतो.

आधी हे तपासा: हा थकवा तापाचाच आहे ना?

ताप उतरून तीन ते चार आठवडे झाले आणि थकवा हलत नसेल तर एकदा डॉक्टरांना दाखवून रक्त तपासावं. घाईने पहिल्याच आठवड्यात सगळ्या तपासण्या केल्या तर काही आकडे फसवतात. फेरिटिन हे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप, पण ताप किंवा दाह असला की ते उगाच वाढलेलं दिसतं आणि लोहाची खरी कमतरता झाकली जाते. थायरॉइडचं टीएसएचही मोठ्या आजारात काही काळ वरखाली होतं. म्हणून आजारपणात टीएसएच थोडंसं बिघडलेलं आलं असेल तर लगेच आयुष्यभराची गोळी सुरू करण्यापेक्षा सहा आठवड्यांनी पुन्हा बघायचं का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

तपासण्या फार नकोत. हिमोग्लोबिनसह सीबीसी, ईएसआर किंवा सीआरपी, उपाशीपोटीची साखर किंवा एचबीए१सी, टीएसएच, यकृताची एन्झाइम्स, क्रिएटिनिन आणि सोडियम-पोटॅशियम, फेरिटिन, बी१२ आणि लघवी. बायकांत १२ च्या खाली आणि पुरुषांत १३ च्या खाली हिमोग्लोबिन असेल तर थकव्याला तेवढं कारणही पुरतं. शाकाहारी माणसं आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणारे यांच्यात बी१२ कमी सापडण्याची शक्यता बरीच, आणि बी१२ कमी असलं की डोक्यातला गोंधळ हुबेहूब तापानंतरच्यासारखाच दिसतो.

गोळ्यांची पुडीही एकदा उलगडून बघा. सर्दी-खोकल्यासाठी सुरू झालेली क्लोरफेनिरामिन किंवा सेटिरिझिन असलेली गोळी कित्येक घरांत महिनाभर चालूच राहते, आणि दिवसभराच्या झापडीचं कारण तीच निघते.

काही लक्षणं मात्र ‘अशक्तपणा’ म्हणून घरी धरून बसायची नाहीत. छातीत दुखणं, बसल्याजागी धडधड, झोपल्यावर धाप लागणं, पायांवर सूज किंवा चक्कर येऊन शुद्ध जाणं, यांत विषाणूमुळे हृदयाच्या स्नायूला सूज आली असण्याची शक्यता असते. त्याच दिवशी ईसीजी काढून घ्या. ताप पुन्हा येतोय, रात्री घामाने कपडे भिजतायत, वजन उतरतंय किंवा खोकला दोन आठवड्यांवर गेलाय, तर क्षयाची तपासणी करायलाच हवी. हातापायातली ताकद एका बाजूने कमी होणं, बोलणं अडखळणं, असंबद्ध वागणं, सतत वाढणारी डोकेदुखी यांनाही थकवा म्हणायचं नाही. आणि आयुष्य नकोसं वाटण्यापर्यंत मन खचलं असेल तर तेही त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलायचं आहे.

थकवा कधी येतो, हे बघा

तपासण्यांत काही सापडलं नाही, तर पुढचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: श्रम केल्यावर त्रास लगेच होतो की उशिरा?

पहिल्या प्रकारात माणूस काम करताना दमतो, धापा टाकतो, पण रात्री झोप झाली की दुसऱ्या दिवशी ठीक असतो. हा पडून राहिल्याने आलेला अशक्तपणा. अशांनी चालणं आणि काम दर आठवड्याला हळूहळू वाढवत नेलं की तीन-चार आठवड्यांत गाडी रुळावर येते.

दुसऱ्या प्रकारात करताना काहीच वाटत नाही, उलट हुरूप येतो. फटका बसतो तो १२ ते ४८ तासांनी. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी सकाळी अंग ठणकतं, घसा खवखवतो, ताप आल्यासारखं वाटतं पण थर्मामीटर काही दाखवत नाही, डोकं चालत नाही. हे दोन-चार दिवस टिकतं. कारण आणि परिणाम यांच्यात एवढं अंतर असल्यामुळे माणसाला वाटतं, हा त्रास उगाचच येतो. अशांना ‘जरा व्यायाम कर, घाम गाळ, बरं वाटेल’ हा सल्ला सरळ अपाय करतो. ब्रिटनच्या आरोग्य यंत्रणेसाठी मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या नाइस या संस्थेने २०२१ साली दीर्घकालीन थकव्याच्या आजारात, रुग्णाला कसं वाटतंय हे न बघता ठरलेल्या मापाने व्यायाम वाढवत नेण्याची पद्धत वापरू नये असं स्पष्ट केलं, ते याच अनुभवातून.

मेंदूचं कामही यात धरायचं असतं. तासभर आकडेमोड, वादावादी, लग्नातली गर्दी, स्पीकरच्या भिंतीसमोरची मिरवणूक, हे सगळे श्रमच आहेत. बरेच रुग्ण शरीराने आराम करतात आणि डोक्याला दिवसभर जुंपून ठेवतात, मग आराम करूनही उतार का पडत नाही म्हणून हवालदिल होतात.

उभं राहिल्यावर काय होतं, घरीच बघा

करोनाच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर बऱ्याच घरांत आहे, तो नाडीचे ठोकेही दाखवतो. बीपीचं मशीन मिळालं तर उत्तम. सकाळी चहाच्या आधी दहा मिनिटं शांत आडवं व्हा आणि नाडी, बीपी लिहा. मग उठून भिंतीला पाठ टेका, टाचा भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा, बोलू नका, पाय हलवू नका. दर मिनिटाला नाडी आणि दर दोन-तीन मिनिटांनी बीपी लिहीत दहा मिनिटं उभं राहा. शेजारी कुणीतरी उभं हवंच. डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथेच थांबवून झोपायचं, दहा मिनिटं पुरी करण्याचा हट्ट नको. वारंवार चक्कर येऊन पडणाऱ्यांनी, हृदयरोग्यांनी आणि गरोदर बायकांनी हे घरी करू नये.

मोठ्या माणसाची नाडी आडवं असतानापेक्षा ३० किंवा अधिक ठोक्यांनी वाढून तशीच राहिली आणि सोबत डोकं जड झालं, किंवा पहिल्या तीन मिनिटांत वरचं बीपी २० ने उतरलं, तर तो कागद डॉक्टरांना दाखवा. उभं राहणं तुम्हाला महाग पडतंय, एवढं त्यातून नक्की कळतं. रक्तदाबाच्या गोळ्या आजाराच्या आधीच्याच मात्रेत चालू असतील तर तीही बाब डॉक्टरांच्या कानावर घाला, कारण वजन उतरल्यावर तीच मात्रा जास्त होऊ शकते.

यावरचे उपाय साधे आहेत. दिवसाला दोन ते अडीच लिटर पाणी, त्यातले दोन ग्लास सकाळी अंथरुणातून उठण्याआधी. बीपी वाढलेलं नसेल आणि हृदय किंवा किडनीचा आजार नसेल तरच मीठ घातलेलं ताक दिवसातून दोनदा. उठताना आधी बसायचं, पोटऱ्या दहा-बारा वेळा आवळायच्या, मग उभं राहायचं. कडकडीत पाण्याने अंघोळ नको, कारण त्याने रक्तवाहिन्या सैल पडतात. अंघोळीला स्टूल घ्या. भाजी चिरणं, कणीक मळणं, कपड्यांच्या घड्या, इस्त्री ही कामं बसून करा. एवढ्या बदलानेच दुपारपर्यंतचा जडपणा कमी झाला असं सांगणारे बरेच भेटतात.

एका आठवड्याची वही

आता मुख्य काम. साधी वही घ्या आणि रोज चार गोष्टी लिहा: उठल्याबरोबरची नाडी, दिवसभरात काय केलं आणि किती मिनिटं, संध्याकाळी थकवा दहापैकी किती, डोक्यातला जडपणा दहापैकी किती. सात दिवस लिहा, दहा लिहिलेत तर आणखी बरं. या दिवसांत मुद्दाम काही सिद्ध करायला जायचं नाही, नेहमीसारखं वागायचं. वाईट दिवस आला की पान मागे उलटून आदल्या दोन दिवसांत काय झालं ते बघायचं. उत्तर जवळपास नेहमी तिथे असतं.

हे एका उदाहरणावरून बघू. समजा, सुनंदाताई, वय ४१, सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशेब लिहितात. राहायला विश्रामबागला, दुसऱ्या मजल्यावर. सप्टेंबरअखेर डेंग्यू झाला, सहा दिवस ताप, प्लेटलेट ६२ हजारांपर्यंत उतरल्या, तीन दिवस दवाखान्यात. ताप गेल्यावर आठवड्याभराने त्या पूर्णवेळ कामावर हजर झाल्या. महिन्याने तपासलं तर हिमोग्लोबिन ११.२ आणि फेरिटिन कमी, बाकी सगळं ठीक. लोहाची गोळी सुरू झाली.

त्यांच्या वहीत असं दिसलं. सोमवार ते बुधवार बरे गेले. गुरुवारी अंगात तरतरी होती, जीएसटीचा विक्रीचा तपशील ११ तारखेच्या आत भरायचा होता, म्हणून साचलेली बिलं उरकायला त्या रात्री आठपर्यंत थांबल्या. शुक्रवारी किंचित डोकेदुखी. शनिवारी उठवेना, घसा दुखतोय, सकाळची नाडी नेहमीच्या ७४ ऐवजी ८८. शनिवार-रविवार झोपून काढले. सोमवारी बरं वाटलं, म्हणून दिवाळीच्या आवराआवरीसाठी माळ्यावरचे डबे काढले. बुधवारी पुन्हा आडव्या.

गुरुवारचा उत्साह आणि शनिवारचं पडणं वेगळं नाही, एकाच गोष्टीची ही दोन टोकं आहेत. चांगल्या दिवशी सगळी बाकी उरकायची आणि मग दोन दिवस कोसळायचं, या झोक्यात महिने जातात. उन्हाळ्यात विहिरीला झरा जेवढं पाणी देतो तेवढीच मोटर चालवावी लागते. तळ गाठेपर्यंत उपसली की फुटव्हॉल्व्ह हवा ओढतो आणि भरायला दुप्पट वेळ जातो. इथेही हिशेब तोच.

पायाची मात्रा ठरवणं

वहीतले असे दिवस शोधा ज्यांच्यानंतर दोन दिवसांत काही बिघडलं नाही. त्या दिवसांत जेवढं केलं त्याच्या सुमारे तीन चतुर्थांश ही तुमची पायाची मात्रा. चांगल्या दिवशी त्याच्या वर जायचं नाही आणि बऱ्यापैकी वाईट दिवशीही जमेल तेवढं त्याच्या आसपास राहायचं. पहिला नियम पाळणं दुसऱ्यापेक्षा कितीतरी अवघड जातं, कारण बरं वाटत असताना थांबायचं असतं. ही मात्रा नेहमी अपमानास्पद वाटावी इतकी छोटी निघते. तरी तीच धरावी.

सुनंदाताईंच्या निभावून गेलेल्या दिवसांत कॉम्प्युटरवरचं काम तीन तासांच्या आत, उभ्याने स्वयंपाक ४० मिनिटं आणि फोनवर मोजलेली पावलं तीन हजारांच्या आसपास होती. म्हणून पायाची मात्रा ठरली: आकड्यांचं काम दोन तास, तेही अर्ध्या अर्ध्या तासाच्या चार बैठकांत, उभ्याने स्वयंपाक ३० मिनिटं, चिरणं-निवडणं खुर्चीत, पावलं साधारण २२००, जिना दिवसातून एकदाच खाली-वर, मधल्या मजल्यावर मिनिटभर थांबून.

मालकांशी बोलून दोन आठवडे सकाळी दहा ते दीड एवढंच काम ठरलं. हे बोलणं टाळू नका. ‘बरं वाटेल तसं येते’ असं मोघम सांगण्यापेक्षा ‘दोन आठवडे साडेतीन तास, त्यानंतर दर आठवड्याला थोडं वाढवत नेऊ’ असं नेमकं सांगितलं की समोरच्यालाही नियोजन करता येतं. डॉक्टरांकडून तसंच लिहून घेता येतं. घरातही तेच. सासूबाईंना ‘आता बरी आहे’ सांगायचं आणि मग कामं नाकारायची, यात दोघींचाही जीव जातो. वही त्यांना दाखवा. गुरुवारचं काम आणि शनिवारचं दुखणं शेजारी शेजारी दिसलं की पुष्कळदा वाद मिटतो.

दोन बैठकांमधली विश्रांती म्हणजे मोबाइल नव्हे. दहा मिनिटं डोळे मिटून, पाठ टेकून, शक्यतो पाय वर घेऊन बसायचं. रील बघत बसलं तर डोळे आणि लक्ष दोन्ही कामावरच राहतात, आणि ती दहा मिनिटं वाया जातात. विश्रांती दमल्यावर घ्यायची नसून घड्याळ लावून दमण्याआधी घ्यायची आहे.

डोकं चालत नसताना काम कसं करायचं

धुकं असताना मेंदूच्या दोन गोष्टी मंदावतात: माहिती हाताळण्याचा वेग, आणि एका वेळी मनात धरून ठेवता येणाऱ्या गोष्टींची संख्या. म्हणून ‘फोनवर बोलता बोलता पावती लिहिणे’ हे आधी सहज जमणारं काम आता चुकतं. उपाय म्हणजे मनावरचा भार कागदावर उतरवणं आणि एका वेळी एकच काम.

सुनंदाताईंनी आकड्यांचं काम साडेदहाला घेतलं, कारण वहीप्रमाणे त्यांचं डोकं तेव्हा सगळ्यात स्वच्छ होतं. ज्या दिवशी नोंदी केल्या त्याच दिवशी ताळा करायचा नाही. ताळा दुसऱ्या दिवशी सकाळी, ताज्या डोळ्यांनी. रक्कम लिहिताना ती हळू आवाजात उच्चारायची, म्हणजे ५६८० चे ५८६० होत नाहीत. पट्ट्यांच्या चळतीत जिथे थांबलं तिथे चिठ्ठी लावायची. बैठकीत फोन दुसऱ्याकडे. मोठ्या रकमांवर महिनाभर दुसऱ्या कुणाची तरी नजर. हे कमीपणाचं वाटतं, पण एका चुकीच्या नोंदीचा शोध घेण्यात जाणारी शक्ती यापेक्षा फार जास्त असते.

विद्यार्थ्यांनी, विशेषतः स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांनी, सलग तीन तासांची बैठक सोडून २० ते २५ मिनिटांच्या बैठका धराव्यात आणि नवा विषय सकाळी, उजळणी दुपारी ठेवावी. वाचलेलं पान आठवत नसेल तर तेच पान चौथ्यांदा वाचू नका. तिथे बैठक संपली असं समजा.

दुचाकीबद्दल कडकच सांगायला हवं. जडपणा दहापैकी सहाच्या वर असेल किंवा मान वळवल्यावर गरगरत असेल त्या दिवशी गाडी चालवायची नाही. सांगली-मिरज रस्त्यावरच्या गर्दीत निर्णय घ्यायला लागणारा अर्धा सेकंद या काळात तुमच्याकडे नसतो. रिक्षा, एसटी किंवा घरातल्या कुणाच्या मागे बसून जा. शेतात औषध फवारणी, ट्रॅक्टर, कडबाकुट्टी, उसाचं चरक अशा कामांनाही हेच लागू.

मात्रा वाढवणं

सलग सात दिवस उशिराचा फटका बसला नाही की एकच गोष्ट, साधारण दहा टक्क्यांनी वाढवायची. चालणं दहा मिनिटांचं असेल तर अकरा. सगळं एकदम वाढवलं आणि बिघडलं तर कशाने बिघडलं ते कळत नाही. वाढवल्यावर पुन्हा सात दिवस थांबायचं. ज्यांचा थकवा पहिल्या प्रकारचा, म्हणजे लगेच येणारा आणि रात्रीत जाणारा, त्यांनी तीन-चार दिवसांनी वाढवलं तरी चालतं.

सकाळची नाडी नेहमीपेक्षा दहा किंवा जास्त ठोक्यांनी वर दिसली, विनाकारण चिडचिड झाली, उजेड टोचू लागला, रात्री दमूनही झोप लागेना, तर ती पुढच्या फटक्याची आगाऊ सूचना धरावी आणि त्या दिवशी अर्ध्या मात्रेवर यावं. असं वेळेत थांबलं तर फटका बऱ्याचदा टळतो किंवा सौम्य बसतो.

तरीही घसरण होतेच. सुनंदाताईंचं चौथ्या आठवड्यात तेच झालं: भाचीचं लग्न, दोन दिवस उभ्याने पाहुण्यांची सरबराई, तिसऱ्या दिवशी सगळं परत. अशा वेळी तीन दिवस अर्धी मात्रा, मग वाढवण्याच्या आधीच्या पायरीवर पाच-सात दिवस, आणि तिथून पुन्हा वर. पूर्ण अंथरूण धरायचं नाही, दर दोन तासांनी घरातल्या घरात चार पावलं आणि जेवण टेबलाशी बसून. आणि अगदी पहिल्या पायरीपासून सुरुवातही करायची नाही, त्याची गरज पडत नाही. पुढच्या लग्नाला त्या फक्त अक्षतांना गेल्या, खुर्ची धरून बसल्या, आदल्या आणि नंतरच्या दिवशी काम निम्म्यावर ठेवलं, आणि निभावलं. साधारण दहाव्या-अकराव्या आठवड्यात असा रुग्ण पूर्ण दिवसाच्या कामावर येऊ शकतो. कुणाला पाच आठवडे पुरतात, कुणाला पाच महिने लागतात. पायऱ्यांचा क्रम तोच राहतो.

सलाईन, ताकदीची इंजेक्शनं आणि ताटातलं

‘दोन सलाईन लावून घे, तरतरी येईल’ हे आपल्याकडचं पहिलं औषध. साखरेच्या पाच टक्क्यांच्या ५०० मिलिच्या बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे जेमतेम ८५ कॅलरी. एका भाकरीत याहून कितीतरी जास्त असतात. साध्या सलाईनमध्ये पाणी आणि मीठ असतं, ते ताकातूनही मिळतं. बाटलीनंतर काही तास बरं वाटतं ते रक्तातला पाण्याचा भाग वाढल्याने, आणि त्या तात्पुरत्या तरतरीत माणूस मात्रेबाहेर काम करून बसतो. उलट्या होत असतील, पोटात काही टिकत नसेल तर सलाईनची गोष्ट वेगळी. बी१२ चं इंजेक्शन बी१२ कमी असेल तर फार गुणकारी, नसेल तर थकव्याला त्याचा उपयोग नाही. नाव न सांगता दिलेल्या ‘ताकदीच्या’ इंजेक्शनात किंवा पुडीत स्टेरॉइड असू शकतं. त्याने दोन दिवस घोड्यासारखं वाटतं, पण साखर वाढते, झोप जाते. काय दिलं ते लिहून मागा.

स्नायू परत यायचे तर प्रथिनं लागतात. ५५ किलोच्या बाईला या काळात दिवसाला ५५ ते ६५ ग्रॅम. दोन ज्वारीच्या भाकरी, एक वाटी मटकीची उसळ, एक वाटी घट्ट वरण, दोन अंडी, एक ग्लास दूध, एक वाटी दही आणि मूठभर शेंगदाणे एवढ्यात ते जवळपास बसतं. अंडी चालत नसतील तर ५० ग्रॅम पनीर आणि थोडी जास्त उसळ. भूक नसेल तर तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच छोटी करा. भरपेट जेवणानंतर रक्त पोटाकडे ओढलं जातं आणि डोकं आणखी जड होतं.

लोहाची गोळी लिंबूपाण्यासोबत घ्या, चहा आणि दूध तिच्यापासून किमान एक तास लांब ठेवा. गोळीने पोट बिघडत असेल तर एकाआड एक दिवस घेता येईल का हे डॉक्टरांना विचारा. एकाआड एक दिवस घेतलं तरी शरीर लोह चांगलं शोषतं. थकवा दाबण्यासाठी चहामागून चहा घेतला की शरीराची सूचना ऐकू येत नाही, म्हणून दुपारी तीननंतर चहा नको. उठण्याची वेळ रोज एकच ठेवा. दुपारची झोप तीनच्या आधी, अर्ध्या तासाच्या आत. त्यापुढे गेली की रात्रीची जाते. आणि दोन-तीन महिन्यांनी केस हातात येऊ लागले तर घाबरू नका, मोठ्या तापानंतर तसं होतं आणि ते केस परत येतात.

पुन्हा डॉक्टरांकडे कधी

सहा आठवडे नीट मात्रा सांभाळूनही काहीच फरक नसेल तर वही घेऊन फिजिशियनला भेटा. तीन महिन्यांनंतरही उशिराचा फटका बसत असेल, झोपेने ताजंतवानं वाटत नसेल आणि डोकं चालत नसेल, तर दीर्घकालीन थकव्याच्या आजाराचा विचार व्हायला हवा. त्यासाठी सांगलीचं वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय किंवा साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय यांच्या औषधवैद्यक विभागात दाखवता येईल. सोबत तीन कागद न्या: आजाराच्या वेळचे रिपोर्ट, भिंतीला टेकून घेतलेल्या नाडीचे आकडे, आणि वहीतली अशी दोन पानं ज्यांत श्रम कोणत्या दिवशी झाले आणि फटका कोणत्या दिवशी बसला हे दिसतं. ‘फार थकवा येतो’ या वाक्यावर डॉक्टरांना फारसं काही करता येत नाही. ‘सोमवारी डबे काढले, बुधवारी नाडी ८८ आणि दिवसभर अंथरुणात’ यावर येतं.